खुर्चीतली वामकुक्षी

चरकसंहितेचा दिवसा झोपण्याला विरोध आहे. कफ वाढतो, पित्त वाढतं, अंग जड होतं. ग्रीष्म ऋतूत तेवढी सर्वांना सूट. एरवी ती लहान मुलं, म्हातारी माणसं, आजारी आणि ओझी वाहून किंवा वाट चालून दमलेल्यांना. अंगाने भरलेल्यांनी आणि नेमाने तूप खाणाऱ्यांनी तर दिवसा कधीच झोपू नये, असं चरकाचार्यांनी बजावून ठेवलंय. या कलमाखाली आमचं सगळं अकाउंट्स सेक्शन बाद होतं.

पण त्याच प्रकरणात थोडं पुढे वाचलं की आशा दिसते. रात्री जागरण केलं तर शरीरात रूक्षता येते आणि दिवसा आडवं होऊन झोपलं तर स्निग्धता वाढते. मात्र बसल्या बसल्या डुललं तर यातलं काहीच होत नाही. आता मला सांगा, बसल्या बसल्या डुलणारा माणूस म्हणजे कोण? दोन हजार वर्षांपूर्वी ज्याने हे लिहिलं त्याने कोणत्या तरी कचेरीत दुपारी चक्कर मारली असणार. घरी पलंगावर, डाव्या कुशीवर केली जाते ती वामकुक्षी रविवारची. बाकीचे सहा दिवस आमचा आधार हे कलम.

दुपारी झापड येते त्याचा दोष सगळे डब्याला देतात. बायकोने भात जास्त दिला, आईने पुरणपोळी घातली, कॅन्टीनवाल्याने तेलात वाटाणे सोडले. जड जेवणाने झापड वाढते हे खरं, पण ती काही डब्यातून येत नाही. दुपारी एक ते चारच्या दरम्यान कधीतरी आपल्या शरीरातलं घड्याळच थोडं ढेपाळतं. संशोधकांनी माणसांना उपाशी ठेवून पाहिलं, तरी त्यांना त्या वेळी पेंग आलीच. आमच्याकडे चतुर्थीला ज्यांचा कडकडीत उपास असतो त्यांच्याकडे दोनच्या सुमारास एकदा बघावं, वेगळ्या पुराव्याची गरज पडत नाही. तर झोप येणारच. प्रश्न असतो तो किती घ्यायची हा.

इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. त्यांना वाटतं, वीस मिनिटांनी बरं वाटत असेल तर चाळीस मिनिटांनी दुप्पट बरं वाटेल. डोळा लागतो ती पहिली काही मिनिटं उंबरठ्यावरची असतात. कॅल्क्युलेटरचा टकटक आवाज ऐकू येत असतो, पण तो आवाज आता कुठल्यातरी स्टेशनवर येत असतो. मध्येच जिना चुकल्यासारखा पाय झटकतो. मग हलकी झोप लागते, मान सैल पडते. अर्ध्या तासाच्या आसपास माणूस गाढ झोपेत उतरायला लागतो, आणि रात्री नीट झोप झालेली नसेल तर त्याआधीच. तिथून कुणी उठवलं तर शरीर उठतं, माणूस उठत नाही. डोकं बधिर, तोंड कडू, आणि हे ओझं कधी दहा मिनिटांत उतरतं, कधी तास घेतं. हलक्या झोपेतून उठलेला माणूस तोंडावर पाणी मारून जागेवर येतो. गाढ झोपेतून उठलेला पाणी मारून पुन्हा जागेवर येतो आणि पाणी मारायला जातो.

कोण कुठून उठलाय ते चेहऱ्यावर वाचता येतं. गालावर शर्टाच्या कफाचं बटण उमटलेलं असेल, व्हाउचरवर लाळेचा ठिपका असेल, आणि पहिलं वाक्य ‘चहा झाला का?’ असेल तर गडी खोल गेला होता. ‘मी झोपलोच नव्हतो, नुसते डोळे मिटले होते,’ असं जो म्हणतो त्याची डुलकी उत्तम झालेली असते. हलक्या झोपेतून उठवलेल्या माणसाला आपण झोपलो होतो हे खरोखरच पुष्कळदा कळत नाही. घरी टीव्हीसमोर घोरणारे वडील ‘बंद करू नकोस, बघतोय’ म्हणतात, तेव्हा ते बिचारे खोटं बोलत नसतात.

म्हणून मिनिटांचं गणित आधी मांडायचं. आमची जेवणाची सुट्टी दीड ते सव्वादोन. डबा पावणेदोनपर्यंत संपतो. डोळा लागायला पाच मिनिटं धरायची, झोपेला वीस. अलार्म दोन वाजून दहा मिनिटांचा, आणि तोही कंपावर, मोबाइल शर्टाच्या खिशात. उरलेली पाच मिनिटं बेसिनची. चहा किंवा कॉफी मात्र झोपण्याच्या आधी प्यायची, नंतर नाही. हे ऐकून लोक हसतात, पण कॉफीचा अंमल चढायला वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढ्यात आपली डुलकी उरकते आणि दोन्ही एकदम कामाला येतात. इंग्लंडमध्ये लफबरोच्या संशोधकांनी पेंगणाऱ्या ड्रायव्हरांवर हे करून पाहिलेलं आहे. आमच्या टपरीवरच्या कटिंगने तेवढं साधेल का, याबद्दल मला शंका आहे. त्यात चहापेक्षा साखरेचाच भाग मोठा.

आता मान. खुर्चीत झोपणाऱ्याचं सगळं शास्त्र मानेशी येऊन थांबतं. झोप लागली की मानेचे स्नायू सैल पडतात, डोकं पुढे झुकतं, हिसका बसतो, जाग येते, पुन्हा डोकं पुढे. यावर टेबलावर हात ठेवून त्यावर कपाळ टेकणं हा सोपा उपाय, पण मग हाताला मुंग्या येतात आणि उठल्यावर सही भलतीच होते. आमच्याकडच्या एका निवृत्त हेडक्लार्कांची पद्धत मला सर्वांत पसंत आहे. खुर्ची भिंतीला लावायची, डोकं मागे कॅलेंडरच्या खिळ्याच्या जरा खाली टेकायचं, मांडीवर लेजर उघडं, उजव्या हातात पेन टोपण काढून. पेन खाली पडलं की त्या आवाजाने ते जागे होत. चित्रकार साल्वादोर दालीने हीच युक्ती आपल्या पुस्तकात लिहून ठेवली आहे, फक्त त्याच्या हातात जड किल्ली असे आणि खाली पालथी बशी. आमच्या साहेबांनी दाली वाचलेला नव्हता, पण पेन पडल्याचा आवाज त्यांनाही कळायचा.

ज्यांच्याकडे चारचाकी आहे ते पार्किंगमध्ये जातात. तिथे सीट मागे पाडता येते, मानेचा प्रश्न मिटतो आणि घोरण्याला साक्षीदार राहत नाहीत. पण गाडीतल्या झोपेला खुर्चीपेक्षा जास्त अक्कल लागते. उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते आणि अर्ध्या तासात त्याच्या जवळपास दुप्पट. काच बोटभर खाली घेतल्याने यात फारसा फरक पडत नाही. एप्रिल-मे महिन्यात पुण्यात बाहेर चाळीस असतील तर आत काय असेल ते मांडून पाहावं. म्हणून सावली हवी, आणि सावली पळते. आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो साधारण साडेबाराला. त्यानंतर सावली पूर्वेकडे सरकत जाते. म्हणजे पावणेदोनला गाडी झाडाच्या पूर्वेला लावायची, मग ती सावली आपल्याकडेच येत राहते. पश्चिमेला लावली तर दहाव्या मिनिटाला ऊन नाकावर. झाड कोणतं, हेही पाहावं. गुलमोहराची सावली चाळणीतून पडते. कडुनिंब उत्तम. पर्जन्यवृक्षाखाली गारवा छान, पण वर पाखरांची वसाहत असते आणि संध्याकाळी गाडी धुवावी लागते.

सावली नाही म्हणून इंजिन चालू ठेवून एसी लावणारे असतात. त्यांना मात्र गमतीत सांगून चालत नाही. तळघरातल्या पार्किंगमध्ये चालू इंजिनाचा धूर साचतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला आपल्याला गुदमरतंय हे कळतही नाही. तळघरात इंजिन बंद म्हणजे बंद, दुसरा विचार नाही. उघड्यावरसुद्धा ड्रायव्हरच्या सीटवर झोपू नये, झोपेत पाय ॲक्सिलरेटरवर पडतो. शेजारच्या सीटवर झोपावं. त्याचा आणखी एक फायदा म्हणजे वॉचमनला वाटतं, गाडीवाले साहेब कुठेतरी गेलेत आणि हे त्यांचे पाहुणे आहेत. पाहुण्यांना तो काच ठोठावून उठवत नाही.

हे सगळं साहेबांच्या कानावर गेलंच. आमच्यातल्या एका हुशार माणसाने मग नासाचा आधार काढला. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात, लांब पल्ल्याच्या विमानांतल्या वैमानिकांना उड्डाण चालू असताना आपल्याच सीटवर चाळीस मिनिटं विश्रांतीची मुभा दिली होती. त्यांनी सरासरी सव्वीस मिनिटं झोप घेतली आणि नंतर उतरताना ते न झोपलेल्यांपेक्षा तल्लख ठरले. बंगळुरूच्या वेकफिट कंपनीने २०२२ साली कर्मचाऱ्यांना रोज दोन ते अडीच झोपेची सुट्टी जाहीर केली, हेही त्याने जोडून दिलं. त्यावर साहेब म्हणाले, “ती कंपनी गाद्या विकते. आपण काय विकतो?” मग थोडं थांबून, “आणि तो वैमानिक झोपला होता तेव्हा विमान कोण चालवत होतं?”

“बाकीचे दोघं, सर. कॉकपिटमध्ये तिघं असायचे. एकाने झोपायचं, दोघांनी जागं राहायचं.”

“मग आपल्याकडे जागे कोण?”

या प्रश्नातून आमच्या पाळ्या जन्माला आल्या. अर्ध्यांनी दीडला डबा उघडायचा आणि मग झोपायचं, अर्ध्यांनी, म्हणजे पहिल्या पाळीने, आधी झोपायचं आणि एक पन्नासला डबा उघडायचा; फोन जागे असतील त्यांनी उचलायचे. झोप जेवणातून येत नसून घड्याळातून येते, तेव्हा रिकाम्या पोटीही लागेलच, हा मुद्दा मीच मांडला होता आणि तो पहिल्याच दिवशी खरा ठरला. पहिल्या पाळीतले सगळे झोपले. अडचण वेगळीच निघाली. एक पन्नासला ते उठले तेव्हा त्यांच्यातल्या एका मॅडमच्या डब्यातली भरली वांगी संपलेली होती, आणि कुणी खाल्ली हे सांगायला दुसऱ्या पाळीतलं कुणीही जागं नव्हतं. सध्या पहिली पाळी डबे ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवते आणि चावी हातात घेऊन झोपते.