एकावर एक फुकट

सपोर्ट टीम, रात्री दोनच्या ठरलेल्या पुलमध्ये तुमचा एक्स्पोर्ट एपीआय काही ऑर्डरी दोनदा देतो. औदार्याबद्दल आभार, पण आम्ही बिल एकदाच लावतो.

तुमची यादी नव्याकडून जुन्याकडे येते, पानाला 100 नोंदी. पहिलं पान घेऊन झाल्यावर एखादी नवी ऑर्डर आली, की सगळी रांग एक घर खाली सरकते आणि शंभरावी नोंद `offset=100` वर पुन्हा हजर! आयडी तोच. उलट वरची एखादी खोडली गेली, तर एक नोंद गुपचूप गळते. तिची तर बोंबही होत नाही. ऑफसेटऐवजी शेवटच्या नोंदीच्या वेळेवर आणि आयडीवर चालणारा कर्सर द्या.

आणि कृपया ‘ब्राउझरची कॅशे साफ करा’ असं कळवू नका. रात्री दोनला आमच्याकडे ब्राउझर नसतो, क्रॉन असतो.