पाचशे, तीनशे, दीडशे

आमच्या आत्याने माझा बायोडाटा केला, तेव्हा अक्षरांची मर्यादा नव्हती. 'श्री गणेशाय नमः'पासून मामेकुळापर्यंत सगळे एका पानावर बसले, आणि जागा उरली म्हणून तिने 'स्वभाव: मनमिळाऊ' हेही घातले. पुरुषोत्तमनगरात, म्हणजे शहाद्याजवळच्या सातपुडा तापी परिसर साखर कारखान्याच्या गावात, मी ऊस नोंदीचे काम करतो. तो कागद पंचक्रोशीत फिरून दमला, तेव्हा मी मोबाइलकडे वळलो.

तिथे प्रत्येक दुकानाचे माप वेगळे. टिंडरवर स्वतःबद्दल पाचशे अक्षरे लिहिता येतात, बंबलवर तीनशे. हिंजवर मोकळे लिहायची सोयच नाही. तिथे यादीतले तीन प्रश्न निवडायचे आणि प्रत्येकाचे उत्तर दीडशे अक्षरांत द्यायचे. शिवाय अक्षर म्हणजे काय, यावरही आपले आणि यंत्राचे एकमत नाही. 'पुरुषोत्तमनगर' आपण आठ अक्षरांत वाचतो. बहुतेक यंत्रे मात्र काना, उकार, जोडाक्षरातला हलन्त, सगळे सुटे मोजतात आणि तेरा लावतात. गावाचे नाव एकदा आले की दीडशेतला जवळजवळ अकरावा हिस्सा गेला. मी 'शहादा' लिहू लागलो, पाचात काम.

पाचशेत सगळे मावले. ऊस, पपई, प्रकाशाचा तापीकाठ, सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा, एवढेच काय, आईच्या हातची कळण्याची भाकरीसुद्धा. मग बहुतेक लोक करतात ते माझ्या एका मित्राने केले. मोठा मजकूर उचलला आणि एका ॲपच्या छोट्या रकान्यात चिकटवला. रकाना भरला तिथे मजकूर तुटला. शेवटचे वाक्य होते 'मी दारू पीत नाही'. उरले 'मी दारू पीत'. मराठीत नकार वाक्याच्या शेपटीला असतो आणि कात्री शेपटीलाच लागते. बिचाऱ्याला संदेश बरेच आले, पण सगळे बसायला कधी येतोस विचारणारे.

म्हणून तीनशेसाठी कापाकापी करायची नाही, नव्याने लिहायचे, आणि महत्त्वाचे आधी. मी आधी गुण काढले: मनमिळाऊ, प्रामाणिक, कुटुंबवत्सल. हे शब्द कोणालाही लागू होतात, म्हणून कोणालाच लागत नाहीत. मग डिग्री गेली, पपई गेली. भाकरी ठेवली. बंबलवर पहिला शब्द बाईने टाकायचा, हा मूळ रिवाज. २०२४ पासून ती आधीच एक प्रश्न मांडून ठेवू शकते आणि आपण त्याला उत्तर द्यायचे, पण धरायला काहीतरी तिला आपणच द्यावे लागते. 'मला प्रवास आवडतो' याला कोण काय विचारणार? 'सारंगखेड्याला घोडा बघायला जातो, विकत घ्यायची ऐपत नाही' याला निदान घोड्याची किंमत तरी विचारता येते.

दीडशेचे शास्त्र आणखी निराळे. हिंजवर समोरची व्यक्ती अख्ख्या माणसाला नव्हे, एका फोटोला किंवा एका उत्तराला पसंती देते आणि त्यावरच टिप्पणी करते. त्यामुळे प्रत्येक उत्तर एकट्याने उभे राहायला हवे. तिन्ही उत्तरांत ऊसच आला तर माणूस नाही, टिपरू दिसते. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या चुलतबहिणीने पहिला मसुदा वाचला आणि म्हणाली, "दादा, हा साखर आयुक्तांना पाठवायचाय का?"

मग वाटणी केली. 'टू ट्रुथ्स अँड अ लाय'मध्ये घोडा, खाण्याच्या प्रश्नाला भाकरी, आणि ऊस फक्त 'टिपिकल संडे'ला: "हंगाम नसेल तर: प्रकाशाला तापीच्या घाटावर, घरी पोटभर जेवण, दुपारी झोप. हंगाम असेल तर: रविवार कोणता, हे उसाला विचारा." यंत्राच्या हिशेबाने एकशे पंधरा. पस्तीस उरली. तिथे 'मनमिळाऊ' घालायचा मोह झाला होता, पण रकाना भरलाच पाहिजे असा कायदा नाही. उत्तर हसू येते तिथे थांबले की पुढचे वाक्य समोरच्याला सुचते.

खरी अडचण मात्र अक्षरांत सुटत नाही. अंतराचा काटा थोडा पुढे सरकवला की नंदुरबार, आणखी सरकवला की धुळे, आणि तालुक्यापुरता ठेवला की पडदा रिकामा, नाहीतर ओळखीचे चेहरे. त्यातली एक माझ्या वर्गमित्राची मेहुणी निघाली. आम्ही दोघांनी शहाण्या माणसांसारखे एकमेकांना डावीकडे सारले आणि लग्नात भेटलो तेव्हा हवामानावर बोललो.

रविवारच्या उत्तरावर परवा धुळ्याच्या एका शिक्षिकेची टिप्पणी आली: "मग उसाचाच नंबर द्या." हंगाम संपला की मी धुळ्याला जाणार आहे. आत्या विचारेल तर कारखान्याचे काम आहे म्हणून सांगा.