टाकीने उडवलेला पतंग

संक्रांतीला भोकरदनच्या आमच्या गच्चीवर वाराच पडला. फोटोत माणसं आली, तिळगूळ आला, केळना नदीच्या बाजूचं आभाळ मात्र कोरं राहिलं. मेव्हण्यांना तो फोटो मंडळाच्या फ्लेक्सवर हवा होता. "पतंग मी टाकतो," असं मी बोलून बसलो. कॉम्प्युटरवर पतंग चिकटवायला कुठे वारा लागतो?

रात्री अकरापर्यंत मी आभाळ भरून टाकलं. नववीतल्या भाच्याने स्क्रीनकडे बघितलं. "मामा, हा पतंग कोण उडवतंय? टाकी?"

मांजा खरोखर पाण्याच्या टाकीतून निघत होता. शिवाय मी तो पट्टीने आखल्यासारखा सरळ ओढला होता. भाचा म्हणाला, "खेच दिली तरच मांजा असा ताणला जातो. ढील दिली की वजनाने पोट सुटतं. हाताशी तो आडवा असतो आणि पतंगाकडे जाताना चढा होतो." मी एका मांजाला पोट काढलं, पण वरच्या बाजूला. तो मांजा इंद्रधनुष्यासारखा दिसू लागला. माझे निम्मे पतंग उजवीकडे आणि निम्मे डावीकडे गेले होते. म्हणजे एकाच गच्चीवर दोन वारे.

मग आकाराकडे वळलो. भाच्याने शेजारच्या गच्चीवरच्या पोराकडे बोट दाखवलं. पोरगा दीड मीटर उंच, आमच्यापासून वीसेक मीटरवर, फोटोत साधारण 225 पिक्सेल. पतंग अर्ध्या मीटरचा, म्हणजे त्याच अंतरावर तो 75 पिक्सेलचा दिसेल. पतंग 80 मीटरवर गेला की अंतर चौपट होतं आणि आकार चौथा हिस्सा, जेमतेम 19 पिक्सेल. माझा पतंग 900 पिक्सेलचा होता. तेवढा पतंग उडवायला त्या पोराला अख्खा मोहल्ला मदतीला घ्यावा लागला असता.

शेवटचा घोळ एकावर एक येण्याचा. मी सगळे मांजे एकाच थरावर काढले होते, त्यामुळे लांबच्या पतंगाचा मांजा जवळच्या पतंगाच्या पोटावरून जात होता. प्रत्येक पतंग आणि त्याचा मांजा मिळून एक थर केला, लांबचे खाली, जवळचे वर. टाकीमागून जाणारा भाग खोडला. मांजा एका पिक्सेलचा ठेवला आणि वर जाताना फिकट केला, कारण लांबचा मांजा डोळ्यालाही दिसत नाही.

पहाटे दोनला आभाळ खरं दिसू लागलं. सकाळी मेव्हण्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. "छान आहे हो. पण पतंग कुठेत?"

मी अंतराचं गणित समजावू लागलो. ते तोवर फ्लेक्सवाल्याला फोन लावत होते. संध्याकाळी चौकात फ्लेक्स लागला. माझे एकोणीस पिक्सेलवाले पतंग झाकून मधोमध एक लाल पतंग होता, आमच्या घरापेक्षा मोठा. त्याचा मांजा माझ्या डाव्या कानातून निघाला होता.

येणारा-जाणारा जो तो म्हणत होता, "वा, मस्त उडवलाय!"