गोल्टीची पाकळी

कांद्याच्या चाळीच्या शिडीवरून पडून पाय प्लास्टरमध्ये घातला, तेव्हा घरात पुतणीच्या लग्नाचं रुखवत चाललं होतं. ओट्यावर वहिनी मरून कापडाचा ताटरुमाल भरत होत्या. मी पलंगावरून म्हणालो, "एवढ्याशा पाकळ्यांना एवढा वेळ?" पंचवीस वर्षं मी कळवणच्या बाजारात कांदा नेतोय. गोल्टी कुठली नि मोठा कुठला हे मला ढिगावर नजर टाकून कळतं. त्या नजरेपुढे धाग्याच्या पाकळीचं काय?

वहिनींनी काही न बोलता रिंग माझ्या मांडीवर ठेवली. सहा पदरी दोऱ्यातले तीन पदर सोडवून, हातभर तोडून, सुईबरोबर हातात दिले. (सुई ओवायला लागलेला वेळ मी इथे धरत नाही. त्यात माझा चष्मा निर्दोष होता.)

लेझी डेझी म्हणजे साखळी टाक्याची एकच सुटी कडी. सुई पाकळीच्या बुडाशी वर काढायची, त्याच भोकात परत घालायची, टोकाच्या ठिपक्यावर बाहेर काढायची. दोरा सुईखालून घ्यायचा, सुई ओढायची आणि टोकाला छोटासा टाका घालून कडी बांधून टाकायची. मी ठिपक्यांना नकार दिला. नजर आहे ना!

सात पाकळ्या झाल्यावर वहिनींनी रुमाल उजेडात धरला. "भाऊजी, गोल्टी नि मोठा एकाच गोणीत भरलाय की हो."

लांबीचा घोळ ठिपके न दिल्यामुळे होता, तो मी कबूल केला. पण ठिपके देऊनही एक पाकळी बारीक काडीसारखी, दुसरी वाटाण्यासारखी फुगलेली. वहिनी म्हणाल्या, लांबी ठिपका ठरवतो, रुंदी ठरवतो हात. दोरा बाजूला किंवा सरळ वर खेचला तर कडी आवळते, कापडाला चुणी पडते. पाकळीच्या टोकाच्या दिशेने, कापडाला लागून ओढायचा, आणि कडी टोकाशी दोऱ्यावर टेकली की थांबायचं. मी थांबत नव्हतो. गोणीचं तोंड शिवायची सवय, दोरा दिसला की आवळायचाच.

मग नवीनच प्रकार सुरू झाला. पाकळीचं बूड मिटेना, दोन पाय फाकायला लागले. "ही पाकळी नाही, माशी झाली," वहिनी म्हणाल्या. मला वाटलं थट्टा आहे. पण फ्लाय स्टिच खरंच तसाच असतो: सुई त्याच भोकात न घालता समोर थोड्या अंतरावर घातली की पाकळीचा इंग्रजी 'व्ही' होतो, आणि खाली मधोमध टाका घालून तो बांधतात. मी त्याच भोकात नेम धरायचो आणि शेजारी जायचो. म्हणजे न शिकताच मला दुसरा टाका येत होता!

वहिनींनी ती चूकच कामाला लावली. वरच्या टोकाला एक सरळ टाका, आणि त्याच्या खाली एकाला एक चिकटून हे व्ही. बांधणारे टाके एका रेषेत आले की मधोमध शीर उमटते आणि भरीव पान तयार. एवढंच, की पाय पानाच्या आखलेल्या कडेवरच टेकायला हवेत. माझं पान एका बाजूने किडीने खाल्लेलं निघालं.

काठाला फेदर स्टिच होता. तो म्हणजे न बांधलेल्या माश्या: एक व्ही उजवीकडे, पुढचा डावीकडे, आणि प्रत्येकाला पुढचाच टाका धरून ठेवतो. बांधायचं विसरणं माझ्या रक्तातच असल्यामुळे मी हा टाका हक्काने मागून घेतला. कडेपासून दोन बोटं आत सुरू केलेला काठ चौथ्या फुलापर्यंत थेट कडेवर जाऊन पोचला. गडाच्या घाटासारखं वळण. सप्तशृंगीला अठरा हात आहेत, मला दोनच. त्यातला एक रिंग धरण्यात.

शेवटी वहिनींनी पोराची इंग्रजीची चाररेघी वही फाडली, खाली पिवळा कार्बन ठेवला आणि रेघा कापडावर उतरवल्या. नियम एकच: सुई आत जाईल ती बाहेरच्या रेघेवर, वर येईल ती त्याच बाजूच्या आतल्या रेघेवर, थोडी खाली. तेव्हापासून काठ सरळ चालला. पोराला गृहपाठ न करण्याचं कारणही मिळालं.

आधीचं बिघडलेलं सगळं उसवलं, पण पहिल्या सात पाकळ्यांपाशी कापडाला भोकं पडली होती म्हणून तो कोपरा तसाच राहिला. रुखवतात वहिनींनी बरोबर त्यावर चिवड्याचं तबक ठेवलं. मी कुबडीवर उभा राहून सगळ्यांना काठ दाखवत होतो, तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, "काका, हे तबक जरा उचला, डिझाइन पूर्ण येऊ दे."