मैत्रिणीचे यजमान

आपल्या पूर्वजांनी नात्यागोत्यांची जी वंशावळ सिद्ध करून ठेवली आहे, तीत साडूपासून विहिणीपर्यंत प्रत्येकाची जागा आणि मानपान ठरलेला असला, तरी ‘पत्नीची जिवलग मैत्रीण’ ह्या व्यक्तीविषयी त्या दप्तरात एका ओळीचीही नोंद नाही. आणि म्हणूनच जिच्या सासूचा स्वभाव, जिच्या गुडघ्याचे दुखणे आणि जिच्या धाकट्या मुलाचे रखडलेले लग्न आपणांस साद्यंत ठाऊक असते, परंतु जिच्याशी आपण ‘या, बसा, ही आत आहे’ ह्यापलीकडे चकार शब्द बोललेलो नसतो, अशा बाईंना वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठविण्याचा प्रसंग ज्याच्यावर गुदरतो, त्या गृहस्थाची अवस्था मोठी पाहण्यासारखी होते.

सोलापुरात हा गृहस्थ घरोघर आढळतो. दुपारी बेल वाजली की दार उघडणे, बाईंच्या हातातला शेंगाचटणीचा स्टीलचा डबा स्वीकारणे, पंख्याचे बटण दाबणे आणि वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत अंतर्धान पावणे, एवढेच त्याचे विहित कर्तव्य असते. बाहेर दोन तास हास्याचा गदारोळ चालतो आणि निघताना बाई ‘येते हं भाऊजी’ म्हणतात, तेव्हा तो आतून ‘बरं, बरं’ असे उत्तर देतो. वर्षानुवर्षांचा उभयपक्षी पत्रव्यवहार काय तो एवढाच.

आमच्या मुरारजी पेठेतील अण्णा हे ह्या जातीचे अस्सल वाण. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, अक्षर वळणदार, मसुदा लिहावा तर त्यांनीच, असा तालुक्यात लौकिक. अशा ह्या गृहस्थास एका संध्याकाळी स्वयंपाकघरातून फर्मान सुटले, ‘अहो, उद्या तिचा वाढदिवस. तुम्हीपण दोन ओळी टाका की मोबाइलवर. तिला बरं वाटेल.’ चाळीस वर्षे शासनाच्या वतीने लिहिलेल्या ह्या इसमास स्वतःच्या वतीने दोन ओळी लिहिण्याचा हुकूम प्रथमच होत होता.

कारकुनी रक्त असल्याने अण्णांनी प्रथम तारखेची हरकत घेतली. ‘उद्या कसा? फेसबुकवर तर 1 जून दाखवतात.’ ही हरकत वरकरणी रास्त होती, कारण बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या आणि त्यांच्या पिढीतील असंख्य लोकांप्रमाणे त्यांचाही जन्म दप्तरी 1 जूनलाच झालेला. त्या काळी मूल शाळेत घालायला नेले की हेडमास्तर विचारणार जन्मतारीख, आणि बाप सांगणार की मोठा पाऊस झाला त्या साली, म्हशीचे रेडकू दगावले त्या सुमारास. मग शाळा जूनमध्ये उघडते आणि वय तर नियमात बसले पाहिजे, म्हणून मास्तर सरळ 1 जून लिहून मोकळे होत. त्याचा परिणाम असा की महाराष्ट्रात 1 जूनला वाढदिवसांची अतिवृष्टी होते. आणि महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होत असल्याने, 31 मे रोजी कचेऱ्याकचेऱ्यांतून शालींची आणि नारळांची टंचाई भासते. अण्णांना हे सारे तोंडपाठ होते, कारण तेही 1 जूनचेच.

‘ते शाळेतलं हो,’ असा खुलासा झाला, ‘तिची आई सांगायची, ही अक्षतेच्या दिवशी झाली म्हणून.’

सोलापूरकराला अक्षता म्हणजे कोणाच्या, हे सांगावे लागत नाही. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत, भोगीच्या दिवशी, पांढऱ्या बाराबंदीतल्या भक्तांच्या खांद्यावरून सात नंदीध्वज संमती कट्ट्याशी येतात आणि सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा प्रतीकात्मक विवाह लागतो, त्या वेळी पडणाऱ्या ह्या अक्षता. भोगी कधी 13 जानेवारीला येते, कधी 14 ला. म्हणजे हा वाढदिवस तारखेने पाठ करून भागत नाही, तो दरसाल कोणीतरी आठवणीत ठेवावा लागतो. 1 जूनला शुभेच्छा देणारे शंभर निघतील, परंतु अक्षतेच्या दिवशी देणारा तो घरच्यांपैकी ठरतो. अर्धे काम ह्या एका माहितीने झाले होते. अण्णांना ते अद्याप उमगले नव्हते, इतकेच.

त्यांनी कागद घेतला. (मोबाइलवर लिहायचे ते आधी कागदावर कच्चे करणारी ही शेवटची पिढी.) पहिला मसुदा उतरला तो असा: ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ हे त्यांनी स्वतःच खोडले, पण उरलेल्या मजकुरात ‘आपला आज वाढदिवस असल्याचे समजते’ असे वाक्य राहिलेच, आणि त्यातल्या ‘समजते’मुळे बाईंवर चौकशी बसविल्याचा भास होऊ लागला. दुसरा मसुदा गीर्वाणवाणीकडे झुकला. त्यात दीर्घायुरारोग्य होते, शतायुषी होण्याची प्रार्थना होती. पत्नीने तो वाचला आणि म्हणाली, ‘शंभर काढलेत म्हणजे ती लगेच वजाबाकी करून किती उरले ते बघेल.’ हा आक्षेप मार्मिक होता. अल्पपरिचित स्त्रीच्या शुभेच्छापत्रात वय, प्रकृती आणि नातवंडे ह्या तिन्हींचा उल्लेख वर्ज्य समजावा. त्यांपैकी एकही गोष्ट तिने स्वतः आपल्याला सांगितलेली नसते, आणि ती आपल्याला ठाऊक आहे एवढ्यानेच मैत्रिणींच्या दुपारच्या गोष्टी रात्री कुठवर पोहोचतात, ह्याचा लेखी पुरावा तयार होतो.

तेव्हा मुलाने मध्यस्थी केली आणि गुलाबाची फुले, दोन मेणबत्त्या व एक चमचमणारा मोर असलेले चित्र पाठवून दिले, ‘हे ढकला पुढे.’ अण्णांनी ते निरखून पाहिले. त्यावर हिंदीत काही शेर होता आणि वर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का. नकलेवर अस्सल म्हणून सही करणे त्यांच्या तत्त्वात बसेना. आणि त्या मोराचे काम काय, हेही कळेना.

खरी अडचण शब्दांची नव्हतीच. हा सगळा वर्ग इथेच घसरतो. ओळख नाही ही उणीव भरून काढण्यासाठी तो एकतर मायना फुगवतो किंवा उसनी सलगी आणतो, पत्नी ज्या नावाने हाक मारते त्याच नावाने हाक मारतो, ‘आपल्या मैत्रीला’ वगैरे लिहितो. जी मैत्री आपली नाही तिच्यावर वहिवाट सांगण्याचाच हा प्रकार. ओळख अल्प असेल तर मजकूर अल्प ठेवावा, आणि त्या अल्प मजकुरात आपण स्वतः, आपल्या डोळ्यांनी वा कानांनी, त्या व्यक्तीविषयी जे जाणले असेल ते एकच लिहावे.

अण्णांनी म्हणून ‘आपणांस स्वतःस काय माहीत’ ह्याची यादी केली. शेंगाचटणीचा डबा, पण चटणीची स्तुती म्हणजे पुढल्या डब्यासाठी केलेला अर्ज, तो नामंजूर झाला. दुपारचे फोन, परंतु ते उल्लेखिले तर आपण कान देऊन ऐकतो हे शाबीत होणार. मग त्यांना गेल्या पावसाळ्याची आठवण झाली. पत्नी मोरीत घसरून पाय प्लास्टरमध्ये घालून बसली होती, महिनाभर अंथरुणाला खिळली होती, आणि ह्या बाई जुळे सोलापूरहून रिक्षाने रोज येत होत्या. भाकरी-पिठले आणत, ते तर शेजाऱ्यांनीही आणले. परंतु रडवेली झालेली पत्नी बाई आल्या की पाच मिनिटांत खदखदून हसायला लागे, आणि आतल्या खोलीत वर्तमानपत्र उलटे धरून बसलेल्या अण्णांच्या छातीवरचे ओझे उतरे. हे त्यांनी पत्नीलासुद्धा सांगितले नव्हते.

ह्यापुढे मसुदा आपोआप झाला. संबोधनाचा प्रश्न उरला. ‘वहिनी’ म्हणावे तर बाईंच्या यजमानांशी बंधुत्व लागते, आणि त्यांची गाठ एकदाच, हुरड्याच्या वेळी, पडलेली. ‘मॅडम’ म्हणजे पुन्हा कचेरी. ‘ताई’ कोठेही चालते. ‘आम्ही उभयता’ हेही कापले, कारण पत्नीचा निरोप स्वतंत्र जाणार होता आणि उभयतांच्या सहीत नवऱ्याचा वाटा शून्य धरण्याची रीत आहे. शेवटी बाईंकडे आपला क्रमांक नोंदलेला असेलच असे नाही, हे ध्यानी घेऊन आरंभीच ओळख घातली. (इथे पत्नीचे नाव होते, मी ते गाळतो.)

‘ताई, नमस्कार. मी अमुकचा नवरा. आज अक्षतेचा दिवस, म्हणजे तुमचा खरा वाढदिवस, असे हिच्याकडून कळले. हिचा पाय मोडला होता तेव्हा तुम्ही रोज येऊन तिला हसवत होता, ते मी आतल्या खोलीतून ऐकत होतो आणि मला फार धीर येत होता. तुम्हीही आज तसेच खूप हसा. वाढदिवसाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.’

वेळेचाही विचार झाला. मध्यरात्री बाराच्या ठोक्याला मैत्रिणीच्या यजमानांचा निरोप आला तर शुभेच्छा बाजूला राहून दोन्ही घरांत पंचनामा होतो. आणि दुपारी अक्षतेच्या गर्दीत मोबाइल कोणी पाहत नाही. अण्णांनी सकाळी साडेसात धरले, चहा झालेला आणि भोगीच्या भाजीची तयारी सुरू व्हायची असलेला तो शांत अवकाश.

असा निरोप लागू पडला की नाही, हे जोडलेल्या हातांच्या चित्रावरून ओळखता येत नाही. ते हात सर्वांनाच मिळतात. उत्तरात आपण लिहिलेल्या गोष्टीचा उल्लेख परत आला तर लागू पडला असे समजावे. सव्वाआठला उत्तर आले, ‘भाऊजी, तुम्ही ऐकत होता? मग बाहेर येऊन बसायचं की! बाकी तिला हसवायला मी ज्या गोष्टी सांगत होते त्या बहुतेक तुमच्याच होत्या.’

अण्णांनी हे पत्नीला दाखविले नाही. पत्नीने मात्र ते आधीच वाचलेले होते, कारण बाईंनी दोन्ही मजकूर तिच्याकडे तत्काळ रवाना केले होते.

पुढे फाल्गुनात अण्णांच्या पत्नीचा वाढदिवस आला आणि सकाळी बाईंच्या यजमानांचा निरोप तिच्या मोबाइलवर दाखल झाला: गुलाबाची फुले, दोन मेणबत्त्या आणि मोर. अण्णांनी चष्मा चढवून तो तपासला आणि तोंडी शेरा दिला, ‘हेतू शुद्ध आहे. मसुदा मात्र त्यांना शिकवावा लागेल. हुरड्याला बोलाव एकदा त्यांना.’