मला गळकं घरच आवडतं

पावसाळ्यात छत गळायला लागलं की माणूस वॉटरप्रूफिंगवाल्याच्या वेबसाइटवर फक्त फोन नंबरासाठी जातो. पण नंबर दिसायच्या आत पडद्यावर चौकट उगवते: ‘थांबा! 40 पानी ई-बुक मोफत! सुखी वास्तूची 21 सूत्रं.’ खाली ठसठशीत हिरवं बटण, ‘हो, हवंय!’ आणि त्याखाली भिंग लावून वाचावी अशी करडी ओळ, ‘नको, मला गळकं घरच आवडतं.’

या करड्या ओळीला तोड नाही. नुसतं ‘नको’ चालत नाही, सोबत कबुलीजबाब द्यावा लागतो. उद्या वाणीही म्हणेल, ‘चहापत्ती नको? मग म्हणा, आमच्याकडे पाहुण्याला चहा विचारत नाहीत.’ मी निमूटपणे गळक्या घराची आवड जाहीर केली. पुढच्या पानावर तीच चौकट. पुन्हा जाहीर केली. एव्हाना त्यांच्या दप्तरी माझी गळतीवरची निष्ठा पक्की नोंदली गेली असेल. लाजवून होकार काढण्याचा हा प्रकार ग्राहक संरक्षणाच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनी आपल्याकडे अनुचित ठरवलाय. करड्या ओळीपर्यंत ती बातमी पोचलेली नाही.

बरं, ‘हो’ म्हणणारे कोण? सूत्रं गोळा करणारे हौशी, ज्यांचं छत कोरडं ठणठणीत आहे. उरलेले चौकट घालवायला बोटं पडतील तसला ईमेल पत्ता टाइप करतात. मालक यादी फुगली म्हणून खूश. पहिलं बातमीपत्र जातं, खोट्या पत्त्यांवरून टपाल परत येतं, खऱ्या पत्त्यांवरचे वैतागून ‘स्पॅम’ दाबतात. असं वारंवार झालं की ईमेल सेवांचा त्या डोमेनवरचा विश्वास उडतो. मग एखाद्या खऱ्या गिऱ्हाइकाने आपणहून मागवलेलं कोटेशनही स्पॅममध्ये जाऊन पडतं. तो बिचारा वाट पाहून दुसरा कंत्राटदार गाठतो. यादी वाढली, काम गेलं!

अरे, त्याच वेबसाइटवर ‘छत कुठून गळतं’ हा चांगला लेख आहे. तो शेवटपर्यंत वाचणारा नक्कीच ओल्या भिंतीखाली बसलेला असणार. फॉर्म तिथे ठेवा, लेखाच्या तळाशी. सूत्रांऐवजी एकच पान द्या: गच्चीत पाणी साठवून गळती कशी तपासायची. ज्याला गच्ची नाही, तो ते मागणारच नाही; यादी आपोआप चाळली जाते. आणि पान लगेच उघडू नका. आधी ईमेलवर खातरजमेची लिंक पाठवा, ती दाबल्यावरच पान द्या. खोटा पत्ता तिथेच गळेल. सदस्य कमी मिळतील, पण ते गळतीवाले असतील.

आणि त्या चौकटीतला तो मोबाइल नंबराचा रकाना! लाल तारांकित, सक्तीचा! ‘मोफत’ पुस्तकासाठी नंबर द्यायचा आणि मग महिनाभर जेवणाच्या वेळी फोन घ्यायचे. मालक, तो रकाना आजच काढा. पीडीएफ ईमेलने जाते, तिला मोबाइल नंबर लागत नाही.