भाची ड्रेस्डेनला, सल्ले सांगलीला

भाचीला ड्रेस्डेनच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि आमच्या घरात अर्थतज्ज्ञांचं पीक आलं. मी बँकेच्या परकीय चलन विभागात नोकरी करतो, म्हणजे युरो-डॉलर विकणं हेच माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे अर्थातच मला शेवटी विचारलं गेलं. घरच्या वैद्याला कोण विचारतो?

आधी मत दिलं आमच्या अण्णांनी. त्यांच्या मते पैसा म्हणजे रोख. बाकी सगळे आकडे. आईने लगेच भाचीच्या तीन स्लिपांना आतून चोरखिसे शिवले, त्यांना चेन लावली आणि वर सेफ्टी पिनही टोचली. ऑक्टोबरात ड्रेस्डेनच्या बेकरीत ही पोर पाव घ्यायला उभी आहे, अंगावर जॅकेट, त्याखाली स्वेटर, त्याखाली थर्मल, आणि मागे सात जर्मन माणसं शिस्तीत रांगेत. ती आता पैसे काढणार कशी, हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

भावोजींचं म्हणणं वेगळं. "डेबिट कार्ड आहे ना? त्यावर जगाचा नकाशा छापलाय. मग जगात चालणारच." नकाशा असतो हे खरं. पण भारतात कार्ड हातात येतं तेव्हा ते बहुधा फक्त देशात चालतं. परदेशासाठी ते ॲपमध्ये जाऊन मुद्दाम सुरू करावं लागतं, रिझर्व्ह बँकेचा 2020 पासूनचा तो नियमच आहे. भावोजींनी ते सुरू केलं आणि विषय संपला असं जाहीर केलं.

विषय खरं तर तिथे सुरू होतो. हिशेबाला सोपं जावं म्हणून युरोचा बाजारभाव 100 रुपये धरू. भाचीने डेबिट कार्डाने 1,000 युरोची खरेदी केली, तर एक लाख गेले. त्यावर बँकेचं मार्कअप. ते बऱ्याच बँकांत साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे 3,500. त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 630. एकूण 1,04,130. आता तीच पोर एटीएममधून फक्त 20 युरो काढते असं समजा. 2,000 रुपयांवर मार्कअप आणि त्याचा जीएसटी मिळून 83 रुपये होतात. पण दर वेळी पैसे काढण्याचा ठरावीक आकार वेगळा असतो. तो 125 रुपये धरला तर जीएसटीसह साधारण 148. म्हणजे 20 युरोला 2,230 रुपये. "थोडे थोडे काढ गं, जास्त जवळ ठेवू नकोस," हा ताईचा प्रेमळ सल्ला बँकेला फार आवडतो.

फॉरेक्स कार्डाचा कारभार निराळा. तुम्ही रुपये देता, बँक त्या दिवसाच्या दराने युरो कार्डात भरते, आणि पुढे रुपया कितीही घसरला तरी त्या युरोंना धक्का लागत नाही. बँक दर मात्र बाजारापेक्षा चढा लावते. समजा 102. म्हणजे 1,000 युरोचे 1,02,000 आणि चलनबदलाचा जीएसटी जेमतेम 182 रुपये. डेबिट कार्डापेक्षा साधारण दोन हजार वाचले. कार्ड देण्याचं किंवा पैसे भरण्याचं शुल्क काही ठिकाणी लागतं, ते यातून वजा करा.

इथे एक गोम आहे, आणि ती मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसून सांगतोय. "झिरो मार्कअप" असं मोठ्या अक्षरात छापलेलं असलं तरी कमाई दरात दडलेली असू शकते. बँकेने 104 दर लावला तर सगळा फायदा तिथेच संपला. म्हणून फोनवर त्याच मिनिटाचा बाजारभाव उघडायचा, बँकेचा दर शेजारी ठेवायचा आणि फरक किती टक्के ते पाहायचं. दीड-दोन टक्के असेल तर मी घेईन. तीनच्या वर गेला की उठून दुसऱ्या बँकेत जाईन, पहिली माझी स्वतःची बँक असली तरी. उलट ज्यांच्या डेबिट कार्डावर मार्कअप खरंच शून्य आहे, त्यांनी फॉरेक्स कार्डाचा नाद सोडावा. अशी कार्डं आहेत, पण भावोजींचं त्यातलं नव्हतं.

भाची गेली आणि दुसऱ्याच रविवारी मैत्रिणींबरोबर प्रागला पोचली. ड्रेस्डेनहून रेल्वेने अडीच तासांत प्राग. युरोपात आहे म्हणून तिला वाटलं, युरोच चालत असणार. तिथे चालतो कोरुना. कार्डात फक्त युरो भरलेले, त्यामुळे दर बिलाला बदलाचं मार्कअप पुन्हा लागलं. फॉरेक्स कार्ड स्वस्त असतं ते त्यात भरलेल्या चलनापुरतंच.

तिकडे जर्मनीत आणखी एक गंमत. जर्मन लोक यंत्रं जगाला विकतात आणि स्वतः पावाचे पैसे नाण्यांत देतात. बऱ्याच छोट्या दुकानांत "Nur Barzahlung" ही पाटी असते, म्हणजे फक्त रोख. काही ठिकाणी फक्त तिथलं गिरोकार्ड घेतात, आपलं व्हिसा-मास्टरकार्ड नाही. म्हणजे अण्णा अगदीच चुकीचे नव्हते, फक्त नोटा चुकीच्या होत्या. सांगलीहून ते तिला 100 युरोच्या नोटा देणार होते. दोन युरोच्या पावाला 100 ची नोट दिली की बेकरीवालीचा चेहरा पाहण्यासारखा होतो. पाच, दहा आणि वीसच्या नोटा आग्रहाने मागून घ्याव्यात. नाणी भारतात मिळणार नाहीत, ती पहिल्या खरेदीत सुटी करून घ्यायची. कारण सुपरमार्केटची ढकलगाडीसुद्धा नाणं घातल्याशिवाय साखळी सोडत नाही.

हे सगळं मुख्यतः पहिल्या महिन्याचं दुखणं आहे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवलेले पैसे पोचल्यावर ठरावीक हप्त्यांनी मिळतात, आणि त्यासाठी आधी तिथलं बँक खातं उघडावं लागतं. ते झालं की गिरोकार्ड येतं आणि फॉरेक्स कार्ड कपाटात जातं. म्हणून वर्षभराचे पैसे त्यात कोंबू नयेत. उरलेले परत रुपयांत करताना बँक खरेदीचा दर लावते, तो विक्रीपेक्षा कमी असतो.

भाचीसाठी मी शेवटी लावलेली व्यवस्था अशी: तीनशे युरो रोख, लहान नोटांत. महिना-दीड महिन्याचा खर्च फॉरेक्स कार्डात. डेबिट कार्ड कमी मर्यादा ठेवून वेगळ्या बॅगेत, फक्त अडचणीसाठी. आणि ओटीपी येतो म्हणून भारतीय सिम चालू. चोरखिसे आहेत तसेच राहिले, आईला कोण सांगणार?

एवढं करूनही एक सापळा उरतोच, तो एटीएमच्या पडद्यावर असतो. यंत्र तुमचं भारतीय डेबिट कार्ड ओळखतं आणि प्रेमाने विचारतं, रकमेचे रुपये करून देऊ का? आपल्या रुपयाचा आकडा दिसतो म्हणून माणूस हो म्हणतो. पण तो दर यंत्राच्या मालकाने ठरवलेला असतो आणि बाजारापेक्षा बराच महाग पडतो. दुकानातलं यंत्रही हेच विचारतं. एटीएमवर "without conversion" निवडा आणि दुकानात पैसे युरोतच द्या. बटण लहान असतं, शोधावं लागतं.